‘उसवण’ : क्लिपवार फोड (दुसरा खर्डा)

ओंकार, कथा 1,140 शब्दांची आहे आणि आपलं एआय व्हिडिओचं टूल एका वेळी 4, 6 किंवा 8 सेकंदांचीच क्लिप देतं. म्हणून 14 क्लिप केल्यात, एकूण 86 सेकंद. सुरुवातीला चित्र जरा गोठलेलं असतं आणि शेवटाकडे हात वितळायला लागतात, तेव्हा शेवटची क्लिप सोडून प्रत्येकीतून सेकंदभर कापायचा. हाती 73 सेकंद उरतील. एका क्लिपमध्ये एकच कृती ठेव. ‘आत येते, छत्री मिटते आणि बसते’ असं लिहिलंस, तर ती छत्रीसकट बसते.

निवेदन मी घड्याळ लावून वाचलं. सात सेकंदांत चौदा शब्द बसतात, पंधरावा घाईत जातो. म्हणून नवऱ्याच्या आजारपणाचा अख्खा परिच्छेद मी गाळलाय. मीच लिहिलेला आहे, त्यामुळे हळहळ मला वाटू दे, तुला नको.

सगळ्या क्लिपांना लागू

जागा : वाईतलं शिंप्याचं दुकान, दहा बाय आठ. दार डावीकडे, उजेड तिथूनच. अक्का कायम डावीकडे, दत्तू उजवीकडे, मध्ये लाकडी टेबल. कॅमेरा टेबलाच्या पलीकडे जाणार नाही. एकदा गेला, की पुढच्या क्लिपमध्ये दोघांच्या जागा उलट्या होतात आणि जोडताना काही करता येत नाही.

अक्का : सत्तरीची, हिरवट नऊवारी, पदर दोन्ही खांद्यांवरून. कपाळ मोकळं, गळ्यात फक्त तुळशीची माळ. मागच्या वेळी टूलनं तिच्या भांगात शेंदूर भरला होता, आपल्याकडे कोण भरतं? आणि इथं तर ती विधवा आहे, सगळी कथा त्यावर उभी आहे. प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये ‘मोकळं कपाळ’ लिहायचंच. पाठमोरी पूर्ण उभी दाखवू नकोस, कासोटा त्याला जमत नाही, सहावारी करून टाकतं.

दत्तू : साठीचा, पांढरा सदरा, गळ्यात पिवळी टेप, चष्मा सगळ्या क्लिपांत नाकावर.

शर्ट : कथेत चौकड्यांचा आहे, इथं साधा फिकट निळा केलाय. चौकडी हलायला लागते, रेघा कापडावरून वाहतात. बटणं मोजता येतील अशी चौकट नको, कधी पाच येतील कधी सात.

पाटी, कॅलेंडर, वर्तमानपत्र चौकटीत नको. देवनागरी अक्षरांचं जे काही होतं ते तू पाहिलंयस. नाव मी एडिटिंगमध्ये टाकीन.

पाऊस क्लिप 1 ते 6 मध्ये. 7 ते 10 बाहेर ढगाळ, 11 पासून ऊन.

क्लिपा

1 (6 से.) गल्ली, कौलांवरून पागोळ्या, उघडं दार. माणूस नाही. कॅमेरा स्थिर.

2 (8 से.) अक्का उंबऱ्यात, छत्री मिटते. काळी छत्री, लाकडी मूठ. ती टेबलाला टेकवून ठेवलेली 6 पर्यंत तशीच दिसली पाहिजे, ओली.

3 (4 से.) फक्त हात. कापडी पिशवीतून घडी घातलेला शर्ट टेबलावर.

4 (8 से.) इथं अक्का बोलते : “ह्येंचा हाय. बारका करून दे. नातवाला व्हईल.” तिचे ओठ दाखवायचे नाहीत, मराठी बोलताना ते दुसरंच काहीतरी बोलतात. चौकट दत्तूच्या चेहऱ्यावर, तो ऐकतोय. आवाज नंतर बसवू. ‘ह्येंचा’ म्हटल्यावर त्यानं मान वर करायची.

5 (6 से.) दत्तू शर्ट दाराच्या उजेडाकडे धरतो. 4 ची शेवटची फ्रेम घेऊन सुरू कर.

6 (4 से.) अक्काचा हात हवेत : नातू एवढा. टेबलाच्या कडेच्या किंचित वर. इथं नव्यानं संदर्भचित्र घे, 5 वरून साखळी लांबवू नकोस. सलग दोनच्या वर जोडलं, की चेहरा गुळगुळीत होतो आणि निळा गडद होत जातो.

7 (6 से.) कॉलर उसवणं. बोटं आणि कात्रीचं टोक. कथेत ब्लेड आहे, पण दोन वेळा करून पाहिलं, ब्लेड बोटातूनच उगवलं. इथून पुढे 10 पर्यंत शर्टाला कॉलर नाही, हे विसरू नकोस.

8 (8 से.) सगळी फिल्म या क्लिपसाठी आहे. शर्टाच्या खालच्या दुमडीवर काळ्या दोऱ्याची वाकडीतिकडी हातशिलाई, अक्कानं कधीतरी घातलेली. कात्रीचं टोक तिथपर्यंत येतं, थांबतं, मागे जातं. शिलाई टूलला शिवू द्यायची नाही. मी घरातल्या जुन्या शर्टावर काळ्या दोऱ्यानं अकरा टाके घातलेत, खिडकीपाशी फोटो काढलाय. तीच पहिली फ्रेम.

```
Static macro, start from usvan_hem.jpg.
Faded blue cotton hem, uneven black hand stitches.
Scissor tip enters from right, stops before
the first stitch, withdraws. Fabric stays still.
```

दहा वेळा करावं लागलं तरी चालेल, क्रेडिट इथंच खर्च कर. टाके आठ सेकंदांत अकराचे बारा झाले, तर क्लिप बाद. कात्री थांबल्यावर निदान दोन सेकंद काहीही हलता कामा नये.

9 (4 से.) दत्तूचा चेहरा, खाली बघतोय. रडू, हसू काही नको. ‘भावुक’ हा शब्द प्रॉम्प्टमध्ये घातला की लगेच डोळ्यांत पाणी येतं.

10 (6 से.) खांद्यावर खडूची रेघ, कात्री चालते. निवेदन : “खालून कापायचं ते दत्तूनं वरून कापलं.” हे चित्रातून कळणार नाही, म्हणून हे एकच निवेदन ठेवलंय. कात्री खांद्याशीच, दुमड चौकटीबाहेर.

11 (4 से.) मशीनचं हातचाक, ऊन पडलेलं. चाक शिवणाऱ्याच्या बाजूला फिरतं. उलटं फिरलं तर वाईतला कुठलाही शिंपी हसेल.

12 (8 से.) अक्का पुन्हा तिथंच उभी, छत्री नाही. दत्तू छोटा शर्ट पुढे करतो. नवी कॉलर त्याच निळ्याची, किंचित गडद चालेल.

13 (8 से.) तिचा अंगठा दुमडीवरून सरकतो, काळ्या टाक्यांवर थांबतो. पहिली फ्रेम म्हणून `usvan_hem2.jpg`, तेच अकरा टाके, पण उन्हात काढलेले. अंगठा डावीकडून येतो, 8 मध्ये कात्री उजवीकडून आली होती.

14 (6 से.) ती मुठीतल्या घडी केलेल्या नोटा टेबलावर ठेवते, दत्तू अर्ध्या परत सरकवतो. नोटा घडीतच, त्यांवरचं चित्र आणि आकडे दिसू नयेत. पुढे काही नाही, तिथंच काळं.

फायली `usvan_08_v3.mp4` अशाच नावानं ठेव. बाद झालेल्या उडवू नकोस. आधी 8 आणि 13 कर, ते जमेपर्यंत बाकीच्यांना हात लावू नकोस.