काय म्हटलं?

निवारा म्हणायला चार खांब आणि वर टिनपत्रे. त्यातले दोन पत्रे उन्हाळ्याच्या वादळात उडाले होते, ते कोणाच्या तरी गोठ्यावर बसले असणार. आमदार निधीची पाटी तेवढी शाबूत. कोरडी जागा एका कोपऱ्यात उरली होती, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी, आणि तिथं एक बकरी पाय पोटाशी घेऊन रवंथ करत बसली होती.

सुजाता धावत आत शिरली तेव्हा बकरीनं फक्त कान हलवला. बकरीच्या पलीकडं एक म्हातारा उकिडवा बसलेला. युरियाच्या रिकाम्या थैलीचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसून केलेली खोळ त्यानं डोक्यावरून गुडघ्यांपर्यंत ओढून घेतली होती. खोळीतून नाकाचा शेंडा आणि पांढऱ्या मिशा दिसत होत्या, बाकी काही नाही. त्यानं मान वर केली, तिच्याकडं पाहिलं, तिच्या खांद्यावरच्या निळ्या डब्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडं तोंड केलं.

तिनं डबा बाकावर ठेवला. बाकाला मधूनच भेग होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं, म्हणून पुन्हा उचलून मांडीवर घेतला. लसीकरणाचा दिवस. एरवी डबा परत न्यायला माणूस यायचा, आज नाल्याला पूर आला आणि तो अलीकडं पोचलाच नाही. मग तीच निघाली. उपकेंद्रापासून फाट्यापर्यंत दोन किलोमीटर चिखल. सहाच्या आत डबा आरोग्य केंद्रात पोचायला हवा होता. दारव्ह्याकडं जाणारी पाचची गाडी यायची होती. पाच वाजून गेले होते.

आता काहीतरी बोलायला हवं होतं. एवढ्याशा जागेत दोन माणसं, मधे एक बकरी, आणि कोणीच कोणाला काही म्हणत नाही, हे बरं दिसत नव्हतं. पण काय म्हणायचं?

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात सुजाता एक गोष्ट शिकली होती, ती कुठल्या प्रशिक्षणात सांगितलेली नव्हती. तिच्या उपकेंद्राखाली एक मोठं गाव, एक तांडा आणि एक पोड. गावात शिरलं की मारुतीपासून विहिरीपर्यंत राम राम. विहिरीच्या पलीकडं, निळ्या कमानीच्या आत जय भीम. तिथं तिचा आवाज आपोआप मोकळा व्हायचा, कारण तिच्या घरातलं पहिलं अक्षर तेच. तांड्यावर जय सेवालाल. पोडाच्या वाटेवर दोन घरं गोंडांची, तिथं जय सेवा. सरपंचाच्या घरी भगव्या टोपीतली मंडळी बसलेली असली की जय गुरुदेव. मशिदीजवळच्या चार घरांत सलाम, आणि तिथल्या बायाच आधी हसून "या ना मॅडम" म्हणायच्या म्हणून तेवढं सोपं. दारात उभं राहिलं की तिची नजर आधी भिंतीवर जायची. फोटो कोणाचा ते पाहायचं, मग तोंड उघडायचं. चूक झाली म्हणून कोणी हाकलून देत नव्हतं. पण समोरचा क्षणभर थांबायचा, आणि त्या क्षणात तो तिचं सगळं वाचून घ्यायचा. बाळाला सुई टोचण्याआधी आपण वाचले जाऊ नये, एवढंच तिला वाटायचं.

इथं भिंतच नव्हती. खांबावर बोंडअळीच्या औषधाची जाहिरात होती, आणि बोंडअळी सगळ्यांच्याच पऱ्हाटीला लागते. म्हाताऱ्याच्या डोक्यावर टोपी आहे का, असली तर कुठल्या रंगाची, गळ्यात माळ आहे का, सगळं युरियाखाली झाकलेलं.

वीस मिनिटं अशीच गेली. पावसाचा जोर वाढला. थेंब टिनावर असे पडत होते की कोणी वरून तुरीचं पोतं रिकामं करतंय. शेवटी तिनं ते कार्यालयातलं, कोणाचंच नसलेलं काढलं.

"नमस्कार."

म्हातारा हलला नाही.

"नमस्कार!"

त्यानं खोळीतून कान बाहेर काढला. "काय?"

"नमस्कार म्हटलं!"

"कोनी?"

"मी!"

"कोनाले?"

"तुम्हाला! बाबा, तुम्हाला नमस्कार म्हटलं!"

हे शेवटचं ती इतक्या जोरात ओरडली की बकरी उठून उभी राहिली. म्हाताऱ्यानं थोडा विचार केला. मग दोन्ही हात खोळीतून बाहेर काढून, जोडून, कपाळाला लावले.

"मले व्हय! बरं बरं. राम राम, माय, राम राम." मग बकरीकडं बघून म्हणाला, "नमस्कार म्हनते. आमच्या इकडं नमस्कार पटवारीच घालते, तेही वसुली असली तं."

सुजाताला हसू आलं. ते दाबायला तिनं ओढणी तोंडाशी नेली, तर ओढणीतून पाण्याची धार लागली.

बकरी उठल्यानं कोपरा मोकळा झाला होता. म्हाताऱ्यानं हातानंच खूण केली, इकडं सरक. ती सरकली. आता बोलायला ओरडावं लागत नव्हतं, नुसतं मोठ्यानं बोललं तरी पुरत होतं.

"हे काय, कुल्फीचा डबा हाय काय?"

"नाही बाबा. लस आहे. लहान पोरांची."

"अन् निळा काऊन? कुल्फीवाल्याचाही असाच रायते." त्यानं एका बोटानं झाकणाला हात लावून पाहिला. "थंडा हाय."

"आत बर्फाच्या पट्ट्या आहेत. थंड नाही राहिलं तर औषध वाया जातं."

"मंग एवढ्या पान्यात कायले निंघाली? घरी ठेवाचा ना बर्फात."

तिनं नाल्याचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं, मधे दोनदा "काय?" म्हणून, आणि नाल्याला एक शिवी दिली. शिवी दिल्यावर तिच्याकडं बघून जीभ चावली.

"हा म्हातारा पाऊस," तो म्हणाला. "पुष्याचा. तरना पडून गेला पुनर्वसूत, तो बरा होता, येऊन गेला का मोकया. हा बसला का उठतच नाई. माह्यासारखा."

"पेरणी झाली?"

"दोनदा झाली." त्यानं दोन बोटं दाखवली. "मिरगात पेरलं, मंग आभायच गेलं कुठीसा. आर्द्रात पुन्हा पेरलं. आता निंघालं तं पानी थांबून रायलं वावरात. सोयाबीन पिवयं पडून रायलं." हे त्यानं दुसऱ्याच कोणाच्या तरी शेताबद्दल सांगावं तसं सांगितलं. मग एकदम विचारलं, "कोन गाव तुह्यं?"

आलं. सुजातानं डब्याचा पट्टा हाताभोवती गुंडाळला. "पुसद."

"पुसद! लय दूर. नाव काय म्हने?"

"सुजाता."

तो मान हलवत राहिला. या नंतरचा प्रश्न तिला पाठ होता. गावानंतर नाव, नावानंतर आडनाव, आणि आडनावानंतर तो क्षणभराचा थांबा. कधीकधी लोक ते आडून विचारतात, म्हणजे पुसदला अमक्याच्या घरचे का, तमक्या वॉर्डात राहता का. तिनं उत्तर तयार ठेवलं. यावेळी सरळ सांगायचं, भिंत बघून नाही.

म्हातारा पुढं वाकला. "सुजाता."

"हो."

"चप्पल चालली तुह्यी."

तिनं खाली पाहिलं. रस्त्यावरून आलेल्या गढूळ पाण्यात तिची डाव्या पायाची चप्पल तरंगत, हळूच गोल फिरत, निवाऱ्याबाहेर निघाली होती. ती उठेपर्यंत म्हाताऱ्यानं काठी पुढं केली, आकड्यानं चप्पल अडवली आणि आत ओढून घेतली. मग ती उलटी करून पाणी झटकलं आणि बाकाखाली न ठेवता वर, तिच्या शेजारी ठेवली.

"बाबा, राहू द्या ना, मी घेते."

"घेतली का मंग आता."

आडनावाचं राहिलंच. तो विसरला की त्याला विचारायचंच नव्हतं, हे तिला कळलं नाही. थोडा वेळ ती वाट पाहत होती. मग वाट पाहायचं सोडून दिलं.

साडेपाचच्या सुमाराला पाऊस भुरभुरीवर आला. टिनावरचा आवाज थांबल्यावर बेडकं ऐकू यायला लागली. बकरी रस्त्याच्या कडेला जाऊन ओल्या बाभळीला तोंड लावू लागली. सुजातानं तीन वेळा घड्याळ पाहिलं.

"येते का हो गाडी? तुम्हाला कुठं जायचं?"

"मले?" म्हाताऱ्यानं खोळ मागं टाकली. डोकं उघडं होतं. टोपी नव्हती, माळ नव्हती, पांढरे विरळ केस तेवढे, ओले होऊन चिकटलेले. "मले कुठी जाचं? पंच्याहत्तर झाले तवापासून यष्टीत फुकट हाय म्हन्तेत. पन फुकट म्हनून जावं कुठी?"

"मग इथं?"

त्यानं काठीनं रस्त्याच्या पलीकडं दाखवलं. पळसाच्या पलीकडं धुरा, धुऱ्यापलीकडं पाणी साचलेलं हिरवं-पिवळं वावर, आणि वावराच्या टोकाला, इथून हाकेच्या अंतरावर, कुडाची खोपडी. खोपडीतून धूर निघत होता. म्हणजे आत चूल पेटलेली होती, आणि हा इथं ओल्या थैलीत तासभर बसून होता.

"बकरी आली होती इकडं पयत. तिले न्यायले आलो, तं पानी लागलं," तो म्हणाला.

"पण आता थांबला की."

"हो, थांबला तं."

तो उठला नाही. सुजातानंही पुढं काही विचारलं नाही. फाट्यावर चहाची टपरी बंद होती, रस्त्यावर कोणी नव्हतं, आणि अंधार आज लवकर पडणार होता.

गाडी आली ती आधी ऐकू आली, मग वळणावर एकच पेटलेला दिवा दिसला. म्हाताऱ्यानं रस्त्याच्या मधोमध जाऊन काठी आडवी धरली. चालकानं करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं काढून त्याला जे म्हणायचं ते म्हटलं.

"बाई हाय, बर्फ हाय!" म्हातारा ओरडला. "बर्फ पिघलून रायला!"

सुजाता एका हातात डबा, एका हातात चप्पल घेऊन चढली. वाहकानं न विचारताच अर्धं तिकीट फाडलं. तिनं ओली काच कशीबशी सरकवली.

"येते बाबा!"

इंजिन धडधडत होतं. त्यानं कानाशी हात नेला. "काय?"

"येते म्हटलं!"

"कवा?"

"मंगळवारी!"

"ये, ये," म्हातारा म्हणाला. बकरी तोवर रस्ता ओलांडून खोपडीच्या वाटेला लागली होती, तिच्यामागं काठी टेकत तोही निघाला.