अन्नप्रक्रिया कारखान्यातील पाणी: सराव प्रश्नपत्रिका, आदर्श उत्तरांसह

वेळ: १ तास ३० मिनिटे. एकूण गुण: ३०. गणनयंत्र वापरता येईल. गणिताच्या प्रश्नांत एककांशिवाय लिहिलेल्या उत्तराला अर्धेच गुण मिळतील.

पुढील उतारा सर्व प्रश्नांसाठी आहे. आधी दोनदा वाचा.

एका कारखान्यात डबाबंद वाटाणा आणि फळांचे पेय तयार होते. पाणी बोअरवेलचे आहे. ते २०,००० लिटरच्या टाकीत साठवून तेथेच क्लोरीन दिले जाते. टाकीच्या नळावरील नमुन्याचा अहवाल: सामू ७.२, गढूळपणा ०.८ एनटीयू, एकूण विरघळलेले घन पदार्थ ६४० मिग्रॅ/लिटर, एकूण कठीणपणा ३६० आणि एकूण क्षारता २२० मिग्रॅ/लिटर (दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात), नायट्रेट ५२ मिग्रॅ/लिटर, मुक्त अवशिष्ट क्लोरीन ०.१ मिग्रॅ/लिटर, ई. कोलाय १०० मिलीमध्ये आढळले नाहीत.

प्रश्न १. आयएस १०५०० : २०१२ नुसार हे पाणी पिण्यायोग्य आहे का? कारणे द्या. (४ गुण)

उत्तर: नाही. नायट्रेटची मर्यादा ४५ मिग्रॅ/लिटर आहे आणि तिला सूट नाही. घन पदार्थ (स्वीकार्य ५००, अनुज्ञेय २०००) आणि कठीणपणा (स्वीकार्य २००, अनुज्ञेय ६००) आपापल्या दोन मर्यादांच्या दरम्यान आहेत, म्हणजे दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच हे आकडे चालतात. सामू (६.५ ते ८.५) आणि गढूळपणा (स्वीकार्य १ एनटीयू) ठीक. मुक्त क्लोरीन किमान ०.२ हवे, ते कमी पडते.

बरेच विद्यार्थी "ई. कोलाय नाहीत, म्हणून पाणी सुरक्षित" एवढे लिहून थांबतात. त्याला १ गुण. नायट्रेट क्लोरीनने जात नाही. पाणी उकळले तर उलट ते वाढते, कारण पाणी आटते आणि क्षार मागे राहतात. नायट्रेटसाठी आरओ किंवा ऋण आयन विनिमय लागतो. एवढे ज्याने लिहिले, त्याला प्रश्न कळला.

प्रश्न २. (अ) ५० मिली नमुन्याला ०.०१ मोलर ईडीटीएचे १८.० मिली लागले. एकूण कठीणपणा काढा. अंत्यबिंदूला रंग कसा बदलतो? (४ गुण) (आ) तात्पुरता व कायमचा कठीणपणा किती? (३ गुण)

उत्तर: (अ) ०.०१ मोलर ईडीटीएचा १ मिली म्हणजे १ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट. म्हणून १८.० × १ × १००० ÷ ५० = ३६० मिग्रॅ/लिटर. सामू १० चे अमोनिया बफर घालून एरिओक्रोम ब्लॅक टी टाकल्यावर द्रावण मदिरेसारखे लाल दिसते. अंत्यबिंदूला ते निळे होते. मधली जांभळट छटा हा अंत्यबिंदू नव्हे, शेवटचे थेंब सावकाश सोडा.

(आ) क्षारता कठीणपणापेक्षा कमी आहे, म्हणून तात्पुरता कठीणपणा क्षारतेइतका, म्हणजे २२०. उरलेला १४० मिग्रॅ/लिटर कायमचा. उकळल्यावर बायकार्बोनेटचा भाग साका होऊन खाली बसतो. सल्फेट आणि क्लोराइडचा भाग पाण्यातच राहतो. बॉयलर आणि पाश्चरायझरच्या प्लेटांवर बसणारा पांढरा थर मुख्यतः त्या पहिल्या भागाचा असतो.

प्रश्न ३. सॉफ्टनरमध्ये १०० लिटर रेझिन आहे. क्षमता प्रति लिटर ५० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. (अ) मिठाने पुनरुज्जीवन करण्यापूर्वी किती पाणी मऊ होईल? (२ गुण) (आ) वाटाणा ब्लांच करायला मऊ पाणी का हवे? मऊ केल्यावर घन पदार्थ कमी होतात का? (३ गुण)

उत्तर: (अ) ५००० ग्रॅम ÷ ०.३६ ग्रॅम/लिटर = सुमारे १३,९०० लिटर.

(आ) कॅल्शियम सालीतील पेक्टिनशी बांधले जाते, साल चिवट होते आणि दाणा शिजूनही कडक लागतो. घन पदार्थ कमी होत नाहीत. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम येते, ३६० मिग्रॅ कठीणपणामागे सुमारे १६६ मिग्रॅ. मऊ झालेल्या पाण्यात नायट्रेटही तसेच राहते, कारण हे रेझिन धन आयन बदलते. सॉफ्टनर लावून प्रश्न १ चा दोष सुटला असे लिहिणाऱ्याचे गुण जातील.

प्रश्न ४. याच पाण्यात थोडा अमोनिया आहे. वाढत्या मात्रांना ३० मिनिटांनंतर मिळालेले एकूण अवशिष्ट क्लोरीन (सर्व आकडे मिग्रॅ/लिटर):

मात्रा १: अवशिष्ट ०.७
मात्रा २: अवशिष्ट १.५
मात्रा ३: अवशिष्ट १.०
मात्रा ४: अवशिष्ट ०.२
मात्रा ५: अवशिष्ट १.२
मात्रा ६: अवशिष्ट २.२

(अ) ऑपरेटर म्हणतो, "२ ची मात्रा बरी, कमी क्लोरीनमध्ये जास्त अवशिष्ट मिळते." तुमचे मत द्या. (४ गुण) (आ) ०.५ मिग्रॅ/लिटर मुक्त क्लोरीन उरावे यासाठी टाकीत २५% उपलब्ध क्लोरीनची किती ब्लीचिंग पावडर लागेल? (३ गुण) (इ) सामू ८.५ झाला तर काय बिघडते? (३ गुण)

उत्तर: (अ) मत चूक आहे. २ वर दिसणारे १.५ हे संयुक्त क्लोरीन आहे, म्हणजे क्लोरामाइन. ते जंतू मारते, पण मुक्त क्लोरीनच्या मानाने फार हळू. मात्रा वाढवली की क्लोरामाइन मोडते आणि अवशिष्ट खाली येते; सर्वांत खालचा बिंदू, इथे ४, हा ब्रेकपॉइंट. त्यानंतरच मुक्त क्लोरीन टिकते. आलेख काढून हा खड्डा दाखवला तर पूर्ण गुण. मला या प्रश्नात आकडेमोडीपेक्षा हा खड्डा ओळखणे महत्त्वाचे वाटते, कारण कारखान्यात पाण्याला क्लोरीनचा उग्र वास आला की लोक मात्रा कमी करतात, आणि तो वास पुष्कळदा क्लोरामाइनचाच असतो.

(आ) ब्रेकपॉइंटनंतर प्रत्येक वाढीव मिलिग्रॅम मुक्त उरतो, म्हणून मात्रा ४.५. २०,००० × ४.५ = ९०,००० मिग्रॅ = ९० ग्रॅम क्लोरीन. ९० ÷ ०.२५ = ३६० ग्रॅम पावडर. ती कोरडी टाकीत ओतायची नाही. वेगळ्या भांड्यात कालवून, निवळू देऊन वरचे स्वच्छ पाणी टाकीत सोडायचे.

(इ) मुक्त क्लोरीन दोन रूपांत असते: हायपोक्लोरस आम्ल (HOCl) आणि हायपोक्लोराइट आयन (OCl⁻). जंतुनाशक म्हणून पहिले कितीतरी प्रभावी. २५ अंश सेल्सियसला सामू ७.५ च्या आसपास दोन्ही निम्मे-निम्मे असतात. ७.२ ला आम्लाचा वाटा सुमारे दोन-तृतीयांश, ८.५ ला जेमतेम एक-दशांश. तपासणी किट मात्र दोन्ही वेळा तोच आकडा दाखवते. म्हणून क्लोरीनच्या नोंदवहीत सामूचा रकाना हवाच.

प्रश्न ५. थोडक्यात कारणे द्या. (४ गुण)

(अ) सूक्ष्मजीव तपासणीच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट असते.
उत्तर: नमुन्यातील क्लोरीन लगेच निष्क्रिय होते. नाहीतर ते प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात जंतू मारत राहते आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो.

(आ) भरपूर क्लोरीन घातल्यावरही डीपीडी चाचणीत रंग आला नाही.
उत्तर: फार जास्त क्लोरीनमुळे गुलाबी रंगच विरंजित होतो. नमुना शुद्ध पाण्याने सौम्य करून पुन्हा तपासावा. इथे "क्लोरीन नाही" असे समजून आणखी मात्रा देणे धोक्याचे.

(इ) पेयासाठीचे पाणी सक्रिय कार्बनमधून जाते, तरी पुढे अतिनील दिवा लावतात.
उत्तर: कार्बन चव बिघडवणारे क्लोरीन काढतो, पण त्याबरोबर संरक्षणही जाते आणि कार्बनच्या थरावर जंतू वाढू शकतात.

(ई) उष्णतेने निर्जंतुक केलेले डबे थंड करायचे पाणीही क्लोरीनयुक्त लागते.
उत्तर: थंड होताना डब्यात निर्वात तयार होतो आणि सांध्यातील सूक्ष्म फटीतून थेंबभर पाणी आत ओढले जाऊ शकते. त्या थेंबात जंतू असले तर आतला निर्जंतुक माल दूषित होतो.