मृण्मयी आणि तुषारच्या लग्नाला अगत्याचं बोलावणं

सप्रेम नमस्कार,

आमच्या मृण्मयीचं आणि आमच्या तुषारचं लग्न ठरलं आहे. रविवार, २१ फेब्रुवारी २०२७ रोजी दुपारी १२ वाजून २५ मिनिटांनी, वाईजवळ मेणवलीत, जाधवांच्या घरामागच्या रानात. तुम्ही घरातल्या सगळ्यांनी यायचं आहे, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना घेऊन.

छापखान्यात पत्रिकेचे पुष्कळ नमुने पाहिले. गणपतीच्या खाली चारोळी, चारोळीखाली नावं, शेवटी बच्चेकंपनीचा लाडिक आग्रह. चारोळ्या गोड होत्या, पण त्यांत ना आमची मुलं दिसत होती, ना तुम्ही. ज्यांच्या मांडीवर ही मुलं वाढली त्यांना बोलवायचं, तर आपल्याच बोलीत बोलवावं असं दोन्ही घरांना वाटलं. म्हणून हे पत्र.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, वाईची मुलगी मालवणला कशी? दोघं भेटली दापोलीला, कृषी विद्यापीठात. मृण्मयी मृदाशास्त्र शिकायला घाट उतरून गेली होती, तुषार फळबागेचं शिक्षण घेत होता. तुषारने मालवण तालुक्यातल्या कट्टा गावच्या त्यांच्या रोपवाटिकेतली माती तपासायला आणली आणि मृण्मयीने अहवालाबरोबर दोन पानी पत्र लिहून दिलं: कुठे चुना लागेल, कुठे शेणखत, कुठे काहीच नको. ते पत्र तुषारच्या आईने, सुनंदाताईंनी, अजून जपून ठेवलं आहे. त्या म्हणतात, "माझ्या मातीची एवढी काळजी करणारी मुलगी मला तेव्हाच आवडली होती."

आता ही सून त्यांच्याच रोपवाटिकेशेजारी माती तपासणीची छोटी प्रयोगशाळा सुरू करते आहे. तिला दूर पाठवताना आम्हा आईबापांचं मन जड आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण ती जिथे जाते आहे ते घर आम्ही पाहिलं आहे, तिथल्या पडवीत बसून जेवलो आहोत, आणि तिथल्या माणसांवर आमचा विश्वास आहे.

सुनंदाताईंबद्दल इथे लिहायलाच हवं. तुषारचे बाबा, विजयराव, गेले तेव्हा तुषार आठवीत होता आणि नेहा त्याहून लहान. त्या पावसाळ्यातही रोपवाटिका बंद पडली नाही. पिशव्या भरणं, खुंट वाढवणं, काजूची कलमं बांधणं, ती बाजारात नेणं, सगळं ताईंनी केलं. प्रकाशकाका आणि काकू पाठीशी उभे राहिले. या दोन मुलांची शिक्षणं त्या कलमांवर झाली आहेत. लग्नाच्या कामात मात्र, रीत म्हणून, अशा आईने मागे उभं राहायचं, हे आम्हाला पटलं नाही. मेणवलीतल्या हौसाबाई आजींनाही अण्णा गेल्यापासून हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली होती. २०२२ साली शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हापासून आमच्या घरात हा विषय निघत होता. आता घरात कार्य आलं आहे, तर आम्ही ठरवून टाकलं: तुषारला पहिली हळद त्याची आई लावेल आणि मृण्मयीला तिची आजी. ओटी भरायला, औक्षणाला या दोघी पुढे असतील. ज्यांना हे नवं वाटेल त्यांना आमची हात जोडून विनंती आहे, त्या क्षणी आमच्याबरोबर उभे राहा. आणि तुमच्या घरात अशी कुणी आई, काकू, वहिनी असेल तर तिला मुद्दाम घेऊन या. हळदीचं ताट तिच्याही हातात देऊ.

हळद घरचीच आहे. मागच्या हंगामातली, शिजवून वाळवून आजींनी जात्यावर दळून घेतलेली. यंदाचं पीक काढून रान मोकळं झालं की तिथेच मांडव पडेल.

हळद शनिवारी, २० तारखेला सकाळी दहा वाजता. त्याच संध्याकाळी मालवणहून आलेलं भजनी मंडळ आणि मेणवलीचं मंडळ समोरासमोर बसणार आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी शनिवारीच या, झोपायची सोय भावकीतल्या घरांत केली आहे. रविवारी मंगलाष्टका वेळेवर सुरू होतील. डोक्यावर अक्षता म्हणून झेंडूच्या पाकळ्या घेऊ, तांदूळ पानात वाढू. नंतर पंगत: मसालेभात, भरली वांगी, पुरणपोळी, कटाची आमटी, आणि परबांकडची सोलकढी. मुलीच्या बाबांना पहिल्या भेटीत सोलकढी इतकी आवडली की ती त्यांनी स्वतः मागून घेतली आहे.

मालवणच्या मंडळींसाठी मंगळवारी, २३ तारखेला संध्याकाळी कट्ट्याच्या घरी सत्यनारायणाची पूजा आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी माशांचं जेवण. घाटावरच्या पाहुण्यांनीही जरूर यावं, समुद्र जवळ आहे.

पुण्याहून येणाऱ्यांनी खंबाटकी घाट ओलांडला की सुरूर फाट्याला वाईकडे वळावं. कोल्हापूर, साताऱ्याकडून येणाऱ्यांनी पाचवडला वळावं. मालवणची गाडी फोंडा घाटातून कोल्हापूरमार्गे येईल, तीत जागा हवी असेल तर प्रकाशकाकांना सांगा. वाईच्या स्टँडवर शनिवारपासून आमची मुलं उभी असतील, तिथून मेणवलीला ती आणून सोडतील. वेळ मिळाला तर मेणवलीचा घाट बघा, नाना फडणवीसांचा वाडा बघा, वाईत ढोल्या गणपतीला जाऊन या.

आहेर आणू नका. ही औपचारिक ओळ नाही, खरंच नको आहे. द्यायचंच असेल तर तुमच्या अंगणातली किंवा शेतातली मूठभर माती कागदाच्या पुडीत आणा आणि पुडीवर गावाचं नाव लिहा. मृण्मयी ती माती कट्ट्याच्या अंगणात पहिल्या आंब्याच्या खड्ड्यात घालणार आहे. निघताना प्रत्येक घराला काजूचं एक कलम मिळेल, ताईंनी स्वतः बांधलेलं. पाऊस सुरू होईपर्यंत ते सावलीत ठेवा, माती सुकू देऊ नका आणि जूनमध्ये जमिनीत लावा. खुंटाला फुटवा आला तर खुडून टाका. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्यासाठी तुळशीची रोपं ठेवली आहेत.

किती जण येताय आणि कोणत्या दिवशी, एवढं १० फेब्रुवारीपर्यंत फोन करून कळवा, म्हणजे कुणाची झोपायची आबाळ होणार नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या आणि मांडवापर्यंत रिक्षा असेल. पथ्य असेल तर तेही सांगा, मंगलताई वेगळं करून ठेवतील.

अण्णा आणि विजयराव आज असते तर त्यांनी घरोघरी जाऊन बोलावलं असतं. त्यांच्या वतीनेही हे बोलावणं स्वीकारा.

तुमची वाट पाहणारे,

हौसाबाई जाधव
मंगल आणि दत्तात्रय जाधव
मेणवली, ता. वाई

सुनंदा विजय परब
शोभा आणि प्रकाश परब
नेहा परब
कट्टा, ता. मालवण