विषय: 6 मेचे ऑफर लेटर – पगार आणि रुजू होण्याच्या तारखेबाबत विनंती

प्रति: मा. कुलकर्णी साहेब, मनुष्यबळ विभाग
प्रत: मा. मगदूम सर, वर्क्स मॅनेजर
दिनांक: 8 मे 2026

आदरणीय कुलकर्णी साहेब,

सप्रेम नमस्कार.

बुधवारी आलेले ऑफर लेटर मिळाले. मनापासून आभार. 24 एप्रिलला मगदूम सरांनी मला लॅबपासून सँड प्लांटपर्यंत स्वतः फिरवून दाखवले आणि नंतर आपण दोघांनी तासभर वेळ दिलात, त्या दिवसापासूनच इथे काम करायला आवडेल असे मनाने घेतले आहे. ते अजून तसेच आहे. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते यायचे की नाही यासाठी नाही, येताना पगाराचे आणि तारखेचे आधीच नीट बोलून घ्यावे म्हणून आहे. मुलाखत सगळी मराठीत झाली, म्हणून हेही मराठीतच लिहिते.

थोडक्यात माझ्या दोन विनंत्या आहेत. वार्षिक सीटीसी 7,80,000 ऐवजी 9,00,000 रुपये व्हावी, आणि रुजू होण्याची तारीख 1 जुलैऐवजी 21 जुलै असावी.

आधी पगाराचे सांगते. 7,80,000 हा आकडा माझ्या आजच्या 6,70,320 शेजारी ठेवला तर चांगली वाढ दिसते. पहिल्यांदा वाचताना मलाही तसेच वाटले. मग रात्री पेस्लिप आणि आपले परिशिष्ट शेजारी ठेवून हिशेब केला. आपल्या सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ 43,200, ग्रॅच्युइटीची तरतूद 17,316, मेडिक्लेम 12,000 आणि व्हेरिएबल 60,000 धरले आहे. ते वजा केल्यावर महिन्याचा ग्रॉस 53,957 रुपये येतो. त्यातून माझा पीएफ 3,600 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 50,157 रुपये उरतात. सध्याच्या ठिकाणी ग्रॅच्युइटी सीटीसीत मोजत नाहीत आणि व्हेरिएबल हा प्रकारच नाही. तिथे ग्रॉस 52,500 आहे आणि कापून हातात 48,940 येतात. म्हणजे दर महिन्याचा खरा फरक 1,217 रुपयांचा आहे. आयकर दोन्हीकडे लागत नाही, त्यामुळे तिथेही काही फरक पडत नाही. आपल्या मांडणीत काही चूक आहे असे माझे म्हणणे नाही. सीटीसी अनेक ठिकाणी अशीच मांडतात. पण दोन्हीकडचे आकडे एकाच मापाने मोजले जात नाहीत, एवढे आपल्या लक्षात यावे असे वाटले. एप्रिल महिन्याची पेस्लिप सोबत जोडली आहे.

सध्याची फाउंड्री शिरोलीत आहे आणि घरून दहा-पंधरा मिनिटांत पोचते. कागलला रोज येऊन-जाऊन 40 किलोमीटरच्या आसपास होतील. कंपनीची बस आहे हे ठाऊक आहे आणि मी तिनेच येईन. तरी दिवसातला दीड तास वाढणारच, आणि 1,217 रुपयांकडे बघताना घरचे हीच गोष्ट बोलून दाखवतात.

आता कामाबद्दल, कारण 9 लाख मागण्यामागचे माझे मुख्य कारण तेच आहे. ऑफर लेटरमध्ये पद ‘सीनियर इंजिनिअर, मेटलर्जी लॅब’ असे आहे. मुलाखतीत मात्र मगदूम सरांनी सांगितलेल्या कामात लॅब आणि सँड टेस्टिंग तर होतेच, त्याशिवाय ग्राहकांच्या तक्रारींचे 8D रिपोर्ट, त्यासाठी चाकणला जाणे, ऑक्टोबरच्या आयएटीएफ 16949 ऑडिटची तयारी आणि लॅबमधल्या तिघांची शिफ्ट लावणे हेही होते. हे सगळे करायला मी तयार आहे, किंबहुना त्यासाठीच येते आहे. सध्याच्या ठिकाणी गेली दोन वर्षे 8D मीच लिहिते, त्यामुळे रात्री अकराला ग्राहकाचा फोन येतो म्हणजे काय असते, याची कल्पना आहे. फक्त काम जर विभाग सांभाळण्याचे असेल तर पगारही त्याला धरून असावा, आणि जमल्यास पदनामही.

एक प्रत्यक्ष उदाहरण देते. ग्राहकाचे आणि कंपनीचे नाव लिहिणे योग्य नाही, ते आपण समजून घ्याल. 2024 मध्ये आमच्याकडे एका एसजी आयर्न हाउसिंगचे रिजेक्शन 7.5 टक्क्यांवर गेले होते. ब्लो होल आणि सँड इन्क्लूजन, दोन्ही. सगळ्यांचा रोख मेल्टिंगकडे होता. मॅग्नेशियम, इनॉक्युलेशन, पोअरिंगचे तापमान, सगळे तपासून झाले आणि स्पेक्ट्रोचे आकडे स्वच्छ होते. मी तीन आठवडे प्रत्येक हीटच्या वेळेशी रिटर्न सँडचे तापमान, ओलावा आणि कॉम्पॅक्टॅबिलिटी जोडत गेले. तेव्हा दिसले की खराब माल बहुतेक दुपारी तीननंतरच्या मोल्डमधला होता. सकाळी वाळू 35 अंशांच्या आसपास असायची, दुपारपर्यंत ती 55 च्या वर जायची. गरम वाळूत बेंटोनाइट पाणी नीट धरत नाही. मिक्सरमधून ओलावा बरोबर दिसतो, पण मोल्ड लाइनवर जाईपर्यंत वरचा थर सुकून ठिसूळ झालेला असतो. मग कूलरच्या आधी पाणी सोडायला सुरुवात केली, एकाच हॉपरमधली वाळू सारखी फिरत होती ती थांबवली आणि वाळू 45 अंशांच्या वर असेल तर मोल्डिंगला द्यायची नाही असे ठरवले. चार महिन्यांत रिजेक्शन 3.1 टक्क्यांवर आले. महिन्याला 90 टन माल जात होता, म्हणजे जवळपास 4 टन कास्टिंग परत भट्टीत जायचे वाचले. किलोमागे 35 रुपये नुकसान धरले तरी महिन्याला 1,38,600 रुपये होतात. यात मोल्डिंगच्या माणसांचा वाटा मोठा आहे. दुपारच्या उन्हात दर अर्ध्या तासाला थर्मामीटर त्यांनीच लावला. पण शोध घेणे, तो मांडणे आणि सगळ्यांच्या गळी उतरवणे हे काम माझे होते.

आपला सँड प्लांट पाहताना मगदूम सर उन्हाळ्यातल्या रिजेक्शनबद्दल बोलले होते. न तपासता मी निष्कर्ष काढणार नाही, पण कूलरनंतर तापमान मोजायची सोय दिसली नाही, आणि रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी तिथूनच सुरुवात करीन. दुसरे म्हणजे, आपण 500/7 वरून 400/18 ग्रेडकडे जायचे म्हणत होता. ते काम मी एकदा पूर्ण केले आहे. हीट ट्रीटमेंट न करता फेराइट मिळवायचे तर सगळा खेळ चार्जचा आहे. मँगेनीज 0.2 टक्क्यांच्या खाली ठेवायचे म्हणजे भंगार निवडून घ्यावे लागते आणि तांब्याचा अंश असलेला एक गठ्ठा आला तरी सगळी हीट वाया जाते. भंगार विक्रेत्यांशी बसून, गठ्ठ्यागठ्ठ्याने नमुने घेऊन ही शिस्त लावायला आम्हाला सहा महिने लागले होते. ते सहा महिने आपल्याकडे पुन्हा घालवावे लागणार नाहीत असे मला वाटते.

9,00,000 चा हिशेब मी आपल्याच रचनेत बसवून पाहिला आहे. बेसिक 35,000 धरले आणि मेडिक्लेम व व्हेरिएबल आहे तसेच ठेवले, तर हातात साधारण 58,700 रुपये येतात. आजच्या पगारावर ती जवळपास 20 टक्के वाढ होते. आठ वर्षांचा अनुभव आणि वाढलेली जबाबदारी पाहता ती रास्त आहे असे मी मानते.

यंदाच्या वेतनश्रेणीत एवढे बसत नसेल तर दुसरा मार्गही मला चालेल. सीटीसी 8,40,000 करावी, त्यातले 60,000 व्हेरिएबल न ठेवता महिन्याच्या पगारात मिळवावेत, आणि ऑक्टोबरचे ऑडिट झाल्यावर जानेवारी 2027 मध्ये पगाराचा फेरविचार होईल असे पत्रात लिहावे. व्हेरिएबल ठेवायचेच असेल तर ते कशावर ठरते, तेही लेखी मिळावे. संपूर्ण प्लांटच्या नफ्यावर असेल तर माझ्या हातात फारसे काही राहत नाही. रिजेक्शनच्या टक्क्यावर असेल तर मी आनंदाने स्वीकारीन.

आता तारखेबद्दल. सध्याच्या ठिकाणी मी 14 जुलै 2021 रोजी लागले. येत्या 13 जुलैला पाच वर्षे पूर्ण होतात आणि त्यानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क निःशंक लागू होतो. 28,000 बेसिकवर 15/26 च्या सूत्राने पाच वर्षांचे 80,769 रुपये होतात. 1 जुलैला आले तर अवघ्या तेरा दिवसांसाठी ही रक्कम हातची जाण्याची भीती आहे. शिवाय नोटीस 60 दिवसांची आहे आणि कमी पडलेल्या दिवसांचा पगार कापला जाईल तो वेगळाच. मी 16 मे रोजी राजीनामा दिला तर 14 जुलै हा शेवटचा दिवस येतो. तोपर्यंत तिथल्या मुलीला स्पेक्ट्रोचे कॅलिब्रेशन आणि सँडची नोंदवही नीट समजावून देता येईल. पाच वर्षे जिथे काढली ते ठिकाण अर्धवट टाकून येणे मला जमणार नाही. हे तीन आठवडे मिळाले तर कंपनीवर जादा खर्च येत नाही आणि माझी पाच वर्षांची पुंजी वाचते. या मुद्द्यावर मात्र मला दुसरा पर्याय सुचत नाही, म्हणून जरा आग्रहाने लिहिते आहे.

आणखी एक लहानशी गोष्ट. ट्रायलसाठी दुसऱ्या शिफ्टला थांबावे लागेल तेव्हा रात्री घरी सोडायला कंपनीची गाडी मिळेल, एवढे तोंडी सांगितले तरी पुरे. थांबायला माझी कधीच हरकत नसेल.

ऑफरची मुदत 15 मेपर्यंत आहे. सुधारित पत्र गुरुवारी 14 तारखेपर्यंत मिळाले तर 16 ला राजीनामा देता येईल. बोलूनच ठरवायचे असेल तर मी रोज संध्याकाळी साडेपाचनंतर फोनवर मोकळी असते. मंगळवारी अर्धा दिवस रजा घेऊन कागलला येणेही शक्य आहे. माझ्या हिशेबात कुठे चूक झाली असेल किंवा आपल्याकडची एखादी सवलत माझ्या नजरेतून सुटली असेल तर जरूर सांगा, मी पुन्हा मांडून पाहीन.

मगदूम सरांना नमस्कार. त्या दिवशी दाखवलेल्या कास्टिंगचा मायक्रोफोटो त्यांना पाठवता आला तर बघायला आवडेल. कडेला नॉड्युल जरा विस्कटलेले वाटले होते, ते डोक्यातून जात नाही.

आपली नम्र,
स्नेहल पाटील
कोल्हापूर

सोबत: एप्रिल 2026 ची पेस्लिप, पगाराचा तुलनात्मक तक्ता