सर्ज्यासाठी घर हवे आहे: मुधोळ संकर, नर, वय सहा वर्षे

सर्ज्या हा आमचा सहा वर्षांचा कुत्रा असून घरातील परिस्थिती बदलल्यामुळे त्याला योग्य कुटुंबात दत्तक द्यावयाचे आहे. त्याचे गुण पाहून कोणी घेऊन जावा आणि दोष कळल्यावर महिन्याभरात परत आणून सोडावा, असे होऊ नये म्हणून दोन्ही बाजू येथे सविस्तर लिहिल्या आहेत. मजकूर लांबला आहे, पण शेवटपर्यंत वाचूनच निर्णय घ्यावा ही विनंती.

२०१९ च्या उन्हाळ्यात येळ्ळूर शिवारातील आमच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायला एक धनगर कुटुंब आले होते. त्यांच्या मुधोळ कुत्रीला झालेल्या पिल्लांपैकी एक आमच्या वडिलांनी मागून घेतले आणि पूर्वी दावणीला असलेल्या बैलाचेच नाव त्याला ठेवले. आई मुधोळ होती. बाप बहुधा गावठी असावा. त्यामुळे ‘शुद्ध मुधोळ’ म्हणून त्याच्याकडे पाहू नये. त्याची कोणतीही जातीची कागदपत्रे नाहीत, आणि नसबंदी झालेली असल्याने पैदाशीसाठी त्याचा उपयोग नाही. अंगकाठी मात्र आईची घेतली आहे: लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट, निमुळते तोंड. रंग मातकट बदामी, छातीवर पांढरा पट्टा, उजव्या कानाच्या टोकाला काटेरी तारेने पडलेली खाच. वजन २४ किलो. बरगड्या किंचित दिसतात, तो उपाशी आहे म्हणून नव्हे. या जातीच्या कुत्र्यांची ठेवणच तशी असते. त्याला ‘भरवून गुबगुबीत करू’ असे म्हणणारे पाहुणे आमच्याकडे नेहमी येतात. कृपया तसे करू नये.

देण्याचे कारण सरळ आहे. सर्ज्या सुरुवातीपासून शेतातल्या घरी वडिलांबरोबर राहिला. गेल्या दिवाळीनंतर वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, शेत खंडाने द्यावे लागले आणि वडिलांना आम्ही शहापुरातील आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणले. त्या पहिल्या मजल्यावर आहेत आणि जिना अरुंद आहे. वडील आता वॉकर धरून चालतात आणि त्यांना रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या सुरू आहेत, त्यामुळे साध्या नखाच्या ओरखड्यानेही रक्त लवकर थांबत नाही. सर्ज्या त्यांना पाहिल्यावर दोन पायांवर उभा राहून त्यांच्या खांद्यावर पंजे ठेवतो. ही त्याची सहा वर्षांची सवय आहे आणि ती मोडण्याइतका वेळ आमच्याकडे नाही. मी व पत्नी दोघेही सकाळी कामावर जातो. दिवसातले आठ-नऊ तास तो गॅलरीत साखळीला असतो, आणि तीन एकर शेतात मोकळा वाढलेल्या कुत्र्यासाठी ही शिक्षाच आहे. शेतावरच ठेवावा, तर ज्यांनी ते खंडाने घेतले आहे त्यांच्या शेळ्या आणि कोंबड्या तेथे आहेत. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

पहिला आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे तो पळणाऱ्या प्राण्यामागे धावतो, आणि त्या क्षणी त्याला हाक ऐकू येत नाही. त्याने आजवर शेजाऱ्यांच्या अकरा कोंबड्या मारल्या असून प्रत्येकीची भरपाई वडिलांनी दिली आहे. मांजराबरोबर तो कधीही राहू शकणार नाही. शेळीच्या करडांवर त्याने हल्ला केलेला नाही, पण त्यांना पळवून पळवून दमवले आहे. गाई-म्हशींना तो मानतो आणि त्यांच्या वाटेला जात नाही. हा वाईट वळणाचा परिणाम नाही. नजरेने हेरून धावत गाठण्यासाठी ज्या कुत्र्यांची पिढ्यान्‌पिढ्या पैदास झाली, त्यांच्या रक्तातच ते असते, आणि म्हणून ‘आमच्याकडे आला की सुधारेल’ या भरवशावर त्याला नेऊ नये. उघड्यावर त्याला दोरीशिवाय सोडायचे असेल तर किमान सहा फूट उंचीचे कुंपण हवे. पाच फुटांची भिंत त्याने माझ्यासमोर ओलांडली आहे.

दुसरी गोष्ट चावण्याची. दोन वर्षांपूर्वी पहाटेच्या अंधारात दूध घालायला आलेल्या मुलाने तो रस्त्यावर पळू नये म्हणून मागून त्याचा पट्टा धरला, तेव्हा सर्ज्याने वळून त्याच्या हाताला चावा घेतला. जखम खोल नव्हती आणि सर्ज्याची रेबीजची लस झालेली होती, तरीही त्या मुलाला इंजेक्शनांचा संपूर्ण कोर्स देण्यात आला आणि सर्ज्याला दहा दिवस बांधून निरीक्षणाखाली ठेवले. खर्च आम्ही केला. त्याआधी किंवा त्यानंतर तो कोणालाही चावलेला नाही. मागून, विशेषतः झोपेत असताना, त्याला हात लावू नये. समोरून नाव घेऊन यावे, म्हणजे तो शेपूट हलवत उठतो. आमची नऊ वर्षांची मुलगी त्याच्याबरोबर वाढली आणि त्याने तिच्यावर कधी गुरगुरलेही नाही, परंतु हा नियम समजणार नाही इतकी लहान मुले घरात असल्यास मी स्वतः तेथे त्याला देणार नाही.

तिसरी गोष्ट फटाक्यांची. बेळगावचा गणेशोत्सव म्हणजे काय ते येथील लोकांना सांगायला नको. विसर्जनाच्या रात्री तो पलंगाखाली शिरून थरथरत बसतो, खात नाही, आणि दार उघडे राहिले तर पळून जातो. शेतावर असताना दिवाळीत एकदा तो असाच पळाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चार किलोमीटरवर सापडला. मिरवणुकीच्या मार्गावर घर असलेल्यांनी याचा जरूर विचार करावा.

एवढे सांगितल्यावर त्याचे चांगले गुणही सांगणे न्यायाचे होईल. तो विनाकारण भुंकत नाही. महिन्यातून दोन-चार वेळाच त्याचा आवाज ऐकू येतो, आणि ऐकू आला की खरोखर कोणीतरी आलेले असते. सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर चालणे आणि आठवड्यातून दोनदा मोकळे धावणे झाले की उरलेला दिवस तो झोपून काढतो. घरात त्याने कधी घाण केलेली नाही. चपला कुरतडण्याचे वय गेले आहे. ‘बस’, ‘थांब’ आणि ‘सोड’ हे शब्द त्याला मराठीत कळतात. ‘ये’ म्हटल्यावर मात्र तो विचार करतो. शेतावरचे गडी कन्नड बोलणारे असल्यामुळे ‘बा’ म्हटले की लगेच येतो, आणि ‘ब्याड’ म्हटले की तोंडापुढची भाकरीसुद्धा सोडून मागे सरतो. नव्या घरी यांपैकी कोणतीही भाषा चालेल, पण हे दोन शब्द तेवढे तसेच वापरावेत.

प्रकृती चांगली आहे. रेबीज व इतर लसी दरवर्षी दिलेल्या असून त्यांची नोंदवही सोबत मिळेल. मागच्या पावसाळ्यात त्याला गोचीड ताप आला होता, त्यासाठी अठ्ठावीस दिवसांचे औषध पूर्ण केले आणि नंतरची रक्ततपासणी ठीक आली. तरी जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली हात फिरवून गोचीड पाहावा. कधी भूल द्यावी लागली तर तो मुधोळ वंशाचा असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे. अंगात चरबी कमी असलेल्या या कुत्र्यांना भुलीची काही औषधे जड जातात. नसबंदीच्या वेळी त्याला शुद्धीवर यायला इतर कुत्र्यांपेक्षा बराच जास्त वेळ लागला होता. केस आखूड आणि कातडी पातळ असल्यामुळे थंडी व पाऊस त्याला सोसत नाही. रात्री त्याला छपराखाली आणि जमिनीपासून वर झोपायला जागा हवी.

खाणे दोन वेळा: ज्वारीच्या तीन भाकऱ्या, उकडलेली कोंबडी पाव किलो, एक दिवसाआड अंडे, आणि जेवणानंतर किमान तासभर विश्रांती. छाती खोल असल्यामुळे पोट भरलेले असताना त्याला धावायला लावणे धोक्याचे आहे. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट अजिबात देऊ नये. कोणीतरी प्रेमाने त्याला पावशेर कुंदा खाऊ घातल्यावर आम्ही दोन दिवस काय भोगले ते येथे लिहीत नाही.

कोणाला द्यावा याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. कुंपण असलेला मळा, बाग किंवा मोठे आवार, दिवसभर घरी असणारे एखादे माणूस, आणि कोंबड्या-मांजरे नसणे, हे तिन्ही जुळले तर उत्तम. खानापूर, हुक्केरी, निपाणी किंवा सीमेपलीकडे चंदगडपर्यंतच्या कुटुंबांना प्राधान्य देऊ, कारण वडिलांना महिन्या-दोन महिन्यांनी गाडीत बसवून त्याला भेटवून आणता यावे अशी आमची इच्छा आहे. ती अट नाही. चोवीस तास साखळीला बांधून राखणीसाठी ठेवणाऱ्यांना तो दिला जाणार नाही. सशामागे सोडण्यासाठी मागणाऱ्यांनी तर विचारूच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती शिकार गुन्हा आहे, आणि मुधोळचे नाव ऐकून तेवढ्यासाठीच आलेल्या दोघांना आम्ही परत पाठवले आहे.

पैसे घ्यायचे नाहीत. इच्छुकांनी हे पत्रक जेथे लावले आहे त्या दवाखान्यात आपले नाव व निरोप ठेवावा. आम्ही स्वतः संपर्क करू. प्रथम घरातील सर्वांनी मिळून रविवारी सकाळी शहापुरातील घरी यावे, आणि दुसऱ्या भेटीत त्याला आमच्याबरोबर फिरायला न्यावे. त्यानंतर आम्ही आपली जागा पाहून त्याला स्वतः आणून सोडू. पहिला एक महिना पारखण्याचा समजावा. त्या काळात किंवा पुढे कधीही जमेनासे झाले तर त्याला दुसऱ्या कोणाला न देता आम्हालाच कळवावे. कितीही अडचण असली तरी आम्ही येऊन घेऊन जाऊ. हे एका साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवू.

वडिलांची संमती आहे. झटक्यानंतर त्यांचे बोलणे अजून अस्पष्ट आहे, म्हणून हा सगळा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. कोंबड्यांचा आकडा मी आधी नऊ लिहिला होता. त्यांनी डाव्या हाताची बोटे दोनदा उघडून, वर एक बोट दाखवून तो दुरुस्त केला.

सर्ज्यासोबत त्याचा पट्टा, दोरी, जेवणाची जर्मनची थाळी, लसींची वही आणि त्या धनगरांनीच दिलेली काळी घोंगडी येईल. घोंगडीला वास येतो. तरीही ती पहिले पंधरा दिवस धुऊ नये, कारण रात्री तो तिच्यात नाक खुपसल्याशिवाय झोपत नाही.