चावी

आजीचं घड्याळ बंद पडलंय हे पहिल्यांदा काकाच्या लक्षात आलं. १० मे २०२४, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस, सकाळचे आठ वाजले असतील. आजोबांच्या नावाची घागर भरायची होती. दरवर्षी त्यांच्या फोटोपुढे ते घड्याळ ठेवतात, म्हणून काकानं देवघराच्या कोनाड्यातून लाकडी डबी काढली, झाकण उघडलं आणि तो तसाच उभा राहिला. काटे एक वाजून दहा मिनिटांवर होते. त्यानं घड्याळ कानाला लावलं. मग दुसऱ्या कानाला लावलं.

तेवढ्यात पप्पा आंघोळ करून खांद्यावर टॉवेल टाकून आले. काकानं न बोलता घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. पप्पांनीही ते कानाला लावलं, आणि अगदी हळू म्हणाले, "मायला सांगू नको."

दोघा भावांमधलं पंधरा वर्षांतलं हे पहिलं पूर्ण वाक्य. आदल्या संध्याकाळी आम्ही नाशिकहून शेंदुर्णीला पोचलो तेव्हा काका दारात आला होता. "या" म्हणाला आणि बॅगा उचलून आत गेला. त्यापुढे काहीच झालं नव्हतं.

हे घड्याळ आजोबांचं. पाचोरा ते जामनेर ५६ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी, आमच्याकडे तिला सगळे पीजे म्हणतात, तिच्यावर ते गार्ड होते. रोज दुपारी चार वाजता रेल्वेत सगळ्या स्टेशनांना वेळ कळवली जायची आणि आजोबा त्या वेळेला घड्याळ मिळवून घ्यायचे. सुट्टीच्या दिवशीही घरून स्टेशनात जायचे. १९८५ साली निवृत्त झाले त्या दिवशी घरी आले आणि साखळीसकट घड्याळ आजीच्या हातात दिलं. "आता वेळ तू सांभाळ," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते आजीचं. नऊवारीच्या कमरेला साखळी खोचून ती शेतात जायची.

चावी संध्याकाळी, दिवा लावल्यावर. घड्याळ डाव्या तळहातावर, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी डोक्यावरच्या चावीला. एकवीस फेरे, ओठात मोजत. अलीकडे तिची बोटं वाकडी झालीत, मधे दोनदा थांबून ती हात झटकते, पण एकवीस म्हणजे एकवीस. संध्याकाळची गाडी स्टेशनात शिरताना शिटी द्यायची त्याच सुमाराला तिची चावी चालायची. मार्च २०२०मध्ये गाड्या थांबल्या, त्यानंतर पीजे धावलीच नाही. शिटी गेली, चावी राहिली.

आणि आमच्या घराची फाटाफूट झाली तीही या घड्याळावरूनच. २००९ साली पावसानं फार ओढ दिली. शेताच्या वाटण्या झाल्या होत्या, विहीर मात्र एकच, मधल्या बांधावर. मोटारीला वीज रात्रीची. एक रात्र पप्पांची, एक काकाची. पाणी इतकं खाली गेलेलं की एक तास जास्त उपसलं तर दुसऱ्याच्या पाळीला नुसती गढूळ धार. एका पहाटे काका म्हणाला, दादानं तासभर जास्त मोटार चालवली. पप्पा म्हणाले, नाही, मी पावणेचारलाच बंद केली. दोघं आजीपुढे येऊन उभे राहिले, कारण पहाटे तिला जाग असते आणि उशाला घड्याळ असतं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते, चुलीजवळ बसले होते. आजीनं दोघांकडे पाहिलं आणि खरं ते सांगितलं. "मोटार बंद झाली तेव्हा पावणेपाच झाले होते."

पप्पा म्हणाले, "तुझं घड्याळ खोटं आहे." आईशी असं बोलले याचं त्यांना नंतर काय वाटलं असेल ते कधी बोलून दाखवलं नाही, पण महिन्याभरात आम्ही नाशिकला होतो. आत्या सुरतेला सासरी. ती एका भावाकडे गेली की दुसरा रुसायचा, मग तिनं दोघांकडेही जाणं कमी केलं. आखाजीला लेक माहेरी यायची, झोका खेळायचा, तर कडुनिंबाला दोर बांधायलाच कोणी उरलं नाही.

या वर्षी आजीनं पप्पांना फोन केला. ती फोनवर कधी जास्त बोलत नाही. "घागर थोरल्यानं भरायची असते. पंधरा वर्षं धाकटा भरतोय," म्हणाली आणि फोन ठेवला. पप्पांनी दुसऱ्या दिवशी मला गाडीत पेट्रोल भरून ठेवायला सांगितलं.

तर आता सोळा माणसं घरात, सगळी एकत्र, आणि घड्याळ बंद. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची. काकाच्या मनात काय आलं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पप्पा एरवी असलं काही मानत नाहीत, पण त्यांनीही नजर चुकवली. त्यांनी डबी तशीच बंद केली आणि बंद डबीच फोटोपुढे ठेवली. उंबरठ्यावर पाणी घातलं, घागरीवर खरबूज, आंबे, सांजोऱ्या मांडल्या, विस्तवावर आगारी टाकली. पप्पांचे हात थरथरत होते, तेव्हा घागर काकानं खालून धरली. आजी खाटेवर बसून पाहत होती. डबीबद्दल तिनं काही विचारलं नाही.

जेवणं झाली. खापरावरचे मांडे आणि आमरस, सगळ्यांचे डोळे जड झाले. पप्पा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "गाडीची चावी घे. पाचोऱ्याला जाऊ." काका आधीच चपला घालून उभा होता. आजीनं विचारलं, "कुठं निघाले उन्हाचे?"

"बर्फ आणतो," काका म्हणाला.

"बर्फाला तिघं?"

कोणीच उत्तर दिलं नाही.

गाडीत पप्पा पुढे, काका मागे, डबी काकाच्या मांडीवर. बाहेर ऊन असं की डांबर चकाकत होतं. वरखेडी जाईपर्यंत कोणी बोललं नाही. मग पप्पांनी समोर पाहतच विचारलं, "लिंबू कसा आहे?"

"बरा आहे. ठिबक केलं दोन वर्षांपूर्वी."

"विहिरीला पाणी पुरतं?"

"पुरवतो." थोडा वेळ गेला. "तुझ्या पाळीला मी मोटार लावत नाही, दादा."

पप्पांनी मान वळवली. "म्हणजे?"

"एकाआड एक रात्र. तुझी रात्र असली की स्टार्टर बंद असतो."

"माझं शेत पडीक आहे. पाणी घ्यायला आहे कोण तिथं?"

"म्हणून काय झालं? पाळी तुझी आहे."

पंधरा उन्हाळे. लिंबाची बाग पिवळी पडत असतानाही या माणसानं एकाआड एक रात्र मोटार बंद ठेवली, आणि हे आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. आजीला माहीत असणारच. पप्पांनी काच खाली केली. गरम वारा आत आला तरी ती वर घेतली नाही. पाचोरा येईपर्यंत ते बाहेरच बघत होते.

सणामुळे बाजार बंद होता. घड्याळजींचं घर विचारत विचारत गेलो. म्हातारे गृहस्थ बनियनवर झोपले होते, पण डबी बघून उठले. "हे तर गार्डसाहेबांचं," म्हणाले. खिडकीजवळ बसले, डोळ्याला भिंग लावलं, बोथट चाकूनं मागचं झाकण उचकटलं. आत पितळी चाकं, मधे माणकाचे बारीक लाल ठिपके. त्यांनी चिमट्याच्या टोकानं बॅलन्स जरासा हलवला. तो डोलला, परत आला, थांबला. काकानं पप्पांचं मनगट धरलेलं मला दिसलं. त्याला स्वतःला ते कळलं नसावं.

"काही झालेलं नाही याला," घड्याळजी म्हणाले. "चावी संपली."

"रोज देते ती," पप्पा म्हणाले.

"काल नसेल दिली. एकदा भरलं की तीस तास चालतं, फार तर थोडं जास्त." त्यांनी दोन बोटांत धरून चावी फिरवायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यालाच टिकटिक सुरू झाली. पैसे घ्यायला तयार होईनात. शेवटी काकानं त्यांच्या नातवाच्या हातात सांजोऱ्यांची पुडी दिली.

मी बाहेर येऊन हिशेब केला. परवा संध्याकाळी सातला चावी दिलेली. तीस तास म्हणजे रात्रीचा एक. काल संध्याकाळी सातला चावी द्यायची राहिली. आणि काल सातलाच आमची गाडी दारात लागली होती.

येताना खरंच बर्फाची लादी घेतली, गोणपाटात गुंडाळली. शेंदुर्णीजवळ आल्यावर पप्पा म्हणाले, "स्टेशनकडे घे." चार वाजायला सहा मिनिटं होती. फलाटावर माणूस नाही, शेळ्या सावलीला बसलेल्या. दोघं भाऊ शेजारी उभे राहिले. पप्पांनी चावी वर ओढून काटे चारवर आणून ठेवले, काका मोबाइलमध्ये बघत होता. "आता," तो म्हणाला, आणि पप्पांनी चावी आत दाबली. दोघांनी घड्याळ आळीपाळीनं कानाला लावलं. मी गाडीतच थांबले. तिथं माझं काही काम नव्हतं.

घरी बर्फ रसात पडला, डबी कोनाड्यात गेली. आत्या झोक्यावर बसली होती आणि पोरं तिला इतक्या जोरात झोके देत होती की ती ओरडत होती.

संध्याकाळी आजीनं दिवा लावला, डबी काढली, घड्याळ तळहातावर घेतलं. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला तिची बोटं थांबली. चावी घट्ट लागली होती.

"याला चावी कोणी दिली?"

पप्पा सहासष्ट वर्षांचे, काका एकसष्टचा. दोघं पायरीवर बसलेले, आणि दोघांनीही खाली पाहिलं.

"बंद पडलं होतं, माय," शेवटी काका म्हणाला. "तू घाबरशील म्हणून..."

"घाबरू कशाला? काल मीच दिली नाही."

"विसरली?"

"विसरते कशाला." तिनं पप्पांकडे बोट केलं. "हा आला, इथं बसला आणि हात धरून ठेवला माझा. जेवायला उठेपर्यंत सोडला नाही. एका हातानं कशी देऊ चावी?"

पप्पा उठून आत गेले. आतल्या खोलीतला दिवा त्यांनी लावला नाही. काका थोडा वेळ बसून राहिला, मग तोही उठला, दारातल्या खिळ्यावरची बॅटरी घेतली आणि अंधारात हाक मारली, "दादा, रात्री लाइट येईल. आज पाळी तुझी आहे, चल."