रात्री साडेअकरा, खोली नंबर ७

सायली: झोपलीस का गं? अपवर्तनाचे नियम म्हणून दाखव आधी.

रेश्मा: आपाती किरण, अपवर्तित किरण आणि आपात बिंदूपाशी काढलेली स्तंभिका एकाच प्रतलात असतात. दोन्ही किरण स्तंभिकेच्या विरुद्ध बाजूंना असतात.

सायली: बरोब्बर. आणि स्नेलचा?

रेश्मा: sin i / sin r = n. म्हणजे स्थिरांक. पण हा i पृष्ठभागापासून मोजायचा ना?

सायली: नाही गं! स्तंभिकेपासून. इथेच मार्क जातात. किरण पृष्ठभागाशी ६०° करतो असं दिलं, तर i किती?

रेश्मा: ३०°. हां, आलं लक्षात.

सायली: मग काढ. हवेतून काचेत, n = १.५.

रेश्मा: sin ३०° म्हणजे ०.५. भागिले १.५... ०.३३३. r साधारण १९.५°. कमी झाला, म्हणजे स्तंभिकेकडे झुकला.

सायली: का झुकला?

रेश्मा: काच घन माध्यम.

सायली: वजनाने घन नव्हे, प्रकाशीय घन. टर्पेंटाइन पाण्यावर तरंगतं, तरी त्याचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा जास्त. खरं कारण वेग. काचेत तो ३ × १०⁸ वरून २ × १०⁸ मीटर प्रतिसेकंद होतो.

रेश्मा: हे कुणी असं सांगितलंच नव्हतं! आणि किरण सरळ लंबरूप आला तर?

सायली: i शून्य, r शून्य. वेग कमी होतो, पण वळत नाही.

रेश्मा: थांब, लिहून घेते. आकृतीत बाण विसरायचे नाहीत, हेही लिहू?

सायली: लिही. मग दिवा बंद कर, साडेपाचला उठवते.